आईचा मित्र, मुलीचा कोण?

लग्नाच्या नेहमीच्या क्रमात दोघांची ओळख आधी होते, एकमेकांच्या सवयी अंगवळणी पडतात आणि पाळणा मागाहून हलतो. आधीच्या संसारातलं लहान मूल असलेल्या व्यक्तीशी नव्यानं जुळू लागतं, तेव्हा हा क्रम उलटलेला असतो. आई आणि तिच्या पाच वर्षांच्या मुलीचं नातं पाच वर्षांचं असतं, आई आणि तिच्या मित्राचं पाच महिन्यांचं, आणि मित्राचं व मुलीचं तर अजून सुरूही झालेलं नसतं. तिघं एका टेबलापाशी बसली की मायलेकींना एकमेकींचं अर्ध्या शब्दात कळतं. वरण-भात कालवून हवा की वेगवेगळा, डोसा कोपऱ्यातून मोडायचा की मधून, हे त्या दोघींचं ठरलेलं असतं आणि समोर बसलेल्या माणसाला त्यातलं काहीच ठाऊक नसतं. थोड्या वेळानं दोघं मोठी एकमेकांकडे बघून हसतात आणि आता मुलगी बाहेरची होते. सावत्र कुटुंबांबरोबर अनेक वर्षं काम केलेल्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पेपरनाव यांनी या 'आतल्या' आणि 'बाहेरच्या' जागांना अशा कुटुंबाची पहिली मोठी अडचण मानलं आहे. अडचण स्वभावाची नसते, जागेची असते. ही एक गोष्ट समजली की पुढचे बरेच रुसवेफुगवे व्यक्तिगत वाटेनासे होतात.

मराठी वधूवर सूचक मंडळांच्या फॉर्मवर 'अपत्य आहे का' आणि 'अपत्य कोणाकडे' असे रकाने असतात. स्थळ बघताना 'मुलीसकट पत्करायची तयारी आहे का' असं विचारलं जातं आणि हो म्हटलं की प्रश्न मिटला, असं घरचे धरून चालतात. पण ती तयारी एका बाजूची असते. मुलीनं अजून कोणालाच पत्करलेलं नसतं, आणि ते होकार-नकाराच्या एका बैठकीत होणारं कामही नव्हे.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण कल्पूया. ठाण्यात नोकरी करणारी चौतीस वर्षांची आई. दोन वर्षांपूर्वी परस्परसंमतीनं घटस्फोट झालेला. मुलगी साडेपाच वर्षांची, सीनियर केजीत. महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी बाबा तिला घेऊन जातो आणि संध्याकाळी आणून सोडतो. आईची ऑफिसच्या कामातून एका माणसाशी ओळख झाली आहे, तो सदतीस वर्षांचा आहे, त्याला मूल नाही. दोघं सात-आठ महिने भेटत आहेत. मूल असलेला बाप आणि त्याची मैत्रीण अशी जोडी असली तरी पुढचं बहुतेक सगळं तसंच लागू पडतं. फक्त येणाऱ्या बाईकडून घरकाम आणि माया दोन्ही पहिल्या दिवसापासून अपेक्षिली जाते आणि 'सावत्र आई' हा शब्द तिच्याआधीच घरात येऊन बसलेला असतो, त्यामुळे तिची वाट जास्त चढाची असते.

साडेपाच वर्षांच्या मुलीच्या डोक्यात काय चाललेलं असतं, हे आधी पाहायला हवं. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी साधारण दोन ते सात या वयातल्या विचारपद्धतीला आत्मकेंद्री म्हटलं. तिचा अर्थ स्वार्थी असा नाही. जगात जे घडतं त्याचं कारण हे वय स्वतःपाशी शोधतं. मी दूध सांडलं, आई-बाबा भांडले, बाबा गेला, अशी साखळी मूल मनात जुळवतं आणि कोणाला सांगत नाही. या साखळीचं दुसरं टोकही त्याच्या हातात असतं: माझ्यामुळे गेला असेल, तर मी शहाण्यासारखी वागले की परत येईल. आई-बाबा पुन्हा एकत्र येतील ही आशा मुलं वर्षानुवर्षं जपतात, दोघांपैकी एकाचं दुसरं लग्न झाल्यावरसुद्धा. आईचा मित्र दारात उभा राहतो तेव्हा त्या आशेला धक्का बसतो. त्यानं आणलेलं चॉकलेट कितीही चांगलं असलं तरी तो त्या धक्क्याचं कारण असतो.

दुसरं नुकसान अधिक रोजचं असतं. वेगळं राहायला लागल्यावर आई पूर्णपणे तिची झालेली असते. रात्री गोष्ट सांगून कुशीत झोपवणं, रविवारी उशिरापर्यंत लोळणं, भाजी आणायला दोघींनी मिळून जाणं, या वेळा तिच्या हक्काच्या असतात. त्याच वेळात आईचा फोन वाजू लागला आणि आई गॅलरीत जाऊन बोलू लागली, तर माणूस न भेटताच मुलीच्या मनातून उतरतो. म्हणून आईनं या काळात करायचं पहिलं काम मित्राशी नाही, घड्याळाशी संबंधित आहे. रात्री साडेआठ ते साडेनऊ फोन बाजूला ठेवायचा आणि मित्रानंही त्या वेळात फोन करायचा नाही. मुलीच्या वेळेला धक्का लागणार नाही, हे तिला कोणी बोलून दाखवावं लागत नाही. तिला ते दिसतं.

तिसरी गोष्ट मोठ्यांना सर्वात जास्त चकवते. रविवारी तिघं तलावपाळीवर गेली, बोटीत बसली, मुलगी खळखळून हसली. सोमवारी सकाळी शाळेचे बूट फेकून देत ती म्हणते, "मला ते काका अजिबात आवडत नाहीत." आई बुचकळ्यात पडते, मित्राच्या मनाला लागतं. खरं तर आवडले म्हणूनच हे झालेलं असतं. काका आवडले म्हणजे बाबाशी बेइमानी झाली, असा हिशेब रात्रभर तिच्या मनात चाललेला असतो. कौटुंबिक समुपदेशनात याला निष्ठेची ओढाताण म्हणतात आणि ती ओळखण्याची खूण हीच: चांगल्या दिवसाच्या पाठोपाठ आलेला वाईट दिवस. वाईट अनुभवामुळे आलेली नाराजी त्याच दिवशी, त्याच जागी दिसते. यावर आईनं समजावणीचं व्याख्यान द्यायची गरज नसते. "काका आवडले तरी बाबा तुझा बाबाच राहणार, आणि नाही आवडले तरी चालेल" एवढं वाक्य पुरतं, फक्त ते पुनःपुन्हा म्हणावं लागतं. मित्राच्या वाट्याला यातलं एकच काम येतं: बाबाबद्दल वाईट शब्द बोलायचा नाही. आई स्वतः वैतागून बोलत असली तरी त्यानं त्यात सूर मिसळायचा नाही. मुलं भिंतीपलीकडचं ऐकतात, आणि बाबाला नावं ठेवणं म्हणजे अर्ध्या आपल्यालाच नावं ठेवणं, असं त्यांना वाटतं.

बाबा हयात नसेल तर ही ओढाताण संपत नाही, उलट अवघड होते. गेलेला माणूस चुकत नाही, रागावत नाही, उशिरा येत नाही. भिंतीवरच्या फोटोशी कोणी बरोबरी करू शकत नाही आणि ती करायलाही जाऊ नये. फोटो जिथे आहे तिथेच राहू द्यावा, आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी मित्रानं आपणहून बाजूला राहावं.

मुलीशी भेट केव्हा घालून द्यायची, यासाठी शास्त्रानं ठरवून दिलेला महिना नाही. समुपदेशक 'निदान सहा महिने थांबा' म्हणतात तेव्हा त्यामागे साधा विचार असतो. पहिल्या काही महिन्यांत दोघंही एकमेकांना आपली उजवी बाजू दाखवत असतात. एखादं मोठं भांडण होऊन ते मिटलेलं नसतं, पैशाबद्दल बोलणं झालेलं नसतं, पुढे लग्न करायचं की नाही हे स्पष्ट नसतं. ज्या मुलीच्या आयुष्यातून एक माणूस आधीच हलला आहे, तिच्यासमोर येणारा माणूस टिकणारा आहे याची आईला बऱ्यापैकी खात्री हवी. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर थांबण्याचं आणखी एक कारण असतं. हिंदू विवाह कायद्यानुसार हुकूमनामा झाल्यावर आणि अपिलाची मुदत संपल्यावर किंवा अपील फेटाळलं गेल्यावरच पुनर्विवाह करता येतो. ताब्याचा प्रश्न न्यायालयात असताना घरी येणारा नवा माणूस हा समोरच्या वकिलाच्या हातातला मुद्दा होतो, आणि त्या भांडणात मुलगीच भरडली जाते.

भेटीआधी बाबाला कळवणं अनेकींना जिवावर येतं. तरीही ते आईनंच करायला हवं, कारण न सांगण्याची किंमत मुलगी मोजते. "बाबाला सांगू नकोस हं" हे वाक्य साडेपाच वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर फार मोठं ओझं ठेवतं. चौथ्या रविवारी बाबाबरोबर आइस्क्रीम खाताना तिला प्रत्येक वाक्य तपासून बोलावं लागतं. त्याऐवजी आईचा दोन ओळींचा निरोप पुरेसा असतो: मी एका माणसाला भेटते आहे, मुलीशी त्यांची ओळख करून देणार आहे, तिच्या तोंडून कळण्याआधी तुला सांगते आहे. बाबाची परवानगी मागायची नसते. मुलीला हेर किंवा निरोप्या व्हावं लागू नये, एवढाच हेतू असतो.

आता पहिली भेट. ती छोटी असावी, पाऊण तासाची, आणि मुलीच्या ओळखीच्या जागी. आपल्या उदाहरणातली आई सोसायटीजवळची बाग निवडते, कारण तिथली घसरगुंडी, तिथला भेळवाला आणि परत जायचा रस्ता मुलीला पाठ आहे. हॉटेल टाळलेलं बरं, तिथे मूल खुर्चीत अडकतं आणि मोठ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसतं. आई आदल्या दिवशी सांगते, "उद्या बागेत माझा एक मित्र येणार आहे. थोडा वेळ थांबेल आणि घरी जाईल." 'घरी जाईल' हे शब्द महत्त्वाचे, कारण तो राहायला येणार का, हीच मुलीची न विचारलेली शंका असते. मित्र मोठं खेळणं आणत नाही. महाग भेट मिळाली की मुलाला कळतं, याला आपल्याकडून काहीतरी हवं आहे. तो मुलीला जवळ ओढत नाही, गाल धरत नाही, नाव-शाळा-इयत्ता विचारत नाही. हसून मान हलवतो आणि आईशी बोलू लागतो. मुलगी आईच्या ओढणीमागून त्याला न्याहाळते. आधी न्याहाळायची संधी मिळणं, हे लहान मुलाला ओळखीपेक्षा अधिक गरजेचं असतं. वीस मिनिटांनी ती विचारते, "तुम्हाला उलटं चढता येतं का घसरगुंडीवर?" तो खरं ते सांगतो: येत नाही, पाय घसरेल. आई आणि मित्र हात हातात घेत नाहीत. पाऊण तास झाल्यावर मुलीचा खेळ रंगात आलेला असतानाच तो निघतो. थोडं हवंहवंसं असताना संपलेली भेट पुढच्या भेटीचं दार उघडं ठेवते.

पुढचे तीन-चार महिने या भेटी पंधरा दिवसांतून एकदा, मग आठवड्यातून एकदा होतात. यात सगळ्यात मोलाची गोष्ट मजा नाही, नियमितपणा आहे. शनिवारी पाच वाजता येतो म्हटलं की पाच वाजता यायचं. येणं जमत नसेल तर तसं आधी कळवायचं, आणि शक्य तर मुलीलाही फोनवर स्वतः सांगायचं. एक घर मोडलेलं पाहिलेलं मूल माणसाच्या शब्दाचा हिशेब मोठ्यांपेक्षा काटेकोर ठेवतं. 'पुढच्या वेळी तुला राणीच्या बागेत नेईन' असं सहज बोलून विसरलेला माणूस तिच्या लेखी त्या दिवशीच मागे पडतो. म्हणून वचनं कमी द्यावीत आणि दिलेली पाळावीत.

सावत्र पालक मुलांशी जवळीक कशी साधतात, यावर अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठातले संशोधक लॉरेन्स गॅनाँग आणि मॅरिलिन कोलमन यांनी बरंच काम केलं आहे. त्यांना दिसलं की मुलाच्या आवडीची गोष्ट मुलाबरोबर करणारे, आणि लग्नानंतरही ती करत राहणारे मोठे, मुलांच्या जवळ जाऊ शकले. लग्नापूर्वी फिरवायला नेणारे आणि एकदा घरात आल्यावर ते सोडून देणारे मागे राहिले. दुसरी खाचखळगी अशी की तिघांनी मिळून केलेली धमाल वाटते तेवढी उपयोगाची नसते. आई समोर असली की मुलगी आईसाठी झगडते आणि मित्रही नकळत तेच करतो. दोघांचं नातं दोघांमध्येच बनतं. अर्थात पहिल्या वर्षात मुलीला त्याच्याबरोबर एकटं पाठवायचं असा याचा अर्थ नाही. आई स्वयंपाकघरात, दार उघडं, आणि बाहेर दोघं एका खेळात, एवढं पुरतं.

आपल्या उदाहरणातली मुलगी भातुकली खेळते. पाचव्या महिन्यात एका शनिवारी ती हॉलमध्ये दुकान मांडते आणि मित्राला म्हणते, "तुम्ही गिऱ्हाईक." तो जमिनीवर मांडी घालतो. रिकाम्या कपात ती चहा ओतते, तो फुंकर घालून पितो आणि म्हणतो, "साखर जरा कमी आहे." ती गंभीरपणे चिमूटभर हवा कपात टाकते. "झाले दहा रुपये." तो तळहातावर न दिसणारे पैसे मोजून ठेवतो. सहा आठवडे तो गिऱ्हाईकच राहतो. मग एक दिवस ती म्हणते, "आज तुम्ही दुकानात भांडी घासा." बाहेरून पाहणाऱ्याला ही बढती वाटणार नाही, पण गिऱ्हाईक येतो आणि जातो, भांडी घासणारा दुकानातलाच असतो. खेळात कोणती भूमिका मिळते, हे मुलाच्या मनातल्या जागेचं सर्वात खरं माप आहे. ती जागा मुलीनं द्यायची असते. मित्रानं 'मी मालक होतो' असं म्हणून खेळ आपल्या हातात घेतला, तर त्यानं नेमकी तीच चूक केली जी तो पुढे घरात करणार आहे.

ती चूक म्हणजे शिस्त लावायची घाई. आठव्या महिन्यात, जेवायच्या वेळी मुलगी मोबाइल सोडत नाही. आई दमलेली आहे. मित्र आवाज चढवून म्हणतो, "पुरे झालं, ठेव तो आता." मुलगी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणते, "तू माझा बाबा नाहीस." घरात सन्नाटा पसरतो. बहुतेकांना हे वाक्य उद्धटपणा वाटतं. ते तसं नाही, ते वस्तुस्थितीचं विधान आहे आणि त्याला उत्तरही वस्तुस्थितीचंच द्यावं लागतं: "खरं आहे, मी तुझा बाबा नाही. जेवताना मोबाइल नाही, हा आईचा नियम आहे. आई सांगेल काय करायचं ते." मग आईनं सांगायचं असतं, आणि कितीही थकवा असला तरी तिनंच. अमेरिकेत मेव्हिस हेदरिंग्टन आणि जेम्स ब्रे या दोघांनी स्वतंत्रपणे अनेक वर्षं सावत्र कुटुंबांचा मागोवा घेतला. दोघांच्याही निष्कर्षांत हे स्पष्ट आहे की सुरुवातीलाच बापाच्या अधिकारानं वागू लागलेल्या सावत्र वडिलांना मुलं दूर लोटतात. आधी ओळख आणि माया जमवणारे आणि शिस्तीत आईच्या मागे उभे राहणारे पुढे स्वीकारले जातात. शेजारची मावशी तासभर मुलाला सांभाळते तेव्हा तिला जेवढा अधिकार असतो, तेवढाच या माणसाला: नियम घरचे, ती फक्त आठवण करून देते. याला अपवाद एकच, रस्ता, गॅस, गच्चीचा कठडा अशा धोक्याच्या जागी कोणीही मोठा माणूस ओरडेल तसा त्यानंही ओरडावं.

आईची अडचण इथे खरी असते. वर्षानुवर्षं एकटीनं सगळं ओढल्यावर कोणी हातभार लावतो म्हटलं की ती वैतागानं म्हणते, "तूच सांग रे तिला, माझं ऐकत नाही." त्यातच तिला वाटत असतं की मित्रानं मुलीला आपली मानावं. पण 'आपली मानणं' आणि 'रागे भरणं' यांचा क्रम असतो, आणि रागे भरण्याचा हक्क सर्वात शेवटी मिळतो. मित्राला मुलीच्या वागण्यात काही खटकत असेल तर ते मुलगी झोपल्यावर आईशी बोलावं. तो बाहेरून पाहतो म्हणून त्याला अनेकदा बरोबर दिसतं, ऐकून घ्यायला हरकत नसते. बदल मात्र आईच्या तोंडून व्हावा.

विश्वास संथपणे वाढवण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते उघडपणे बोललं जात नाही. आईलाही माणूस पारखायचा असतो. जो मुलीशी पटकन एकटं राहायला बघतो, आईच्या नकळत तिला वस्तू देतो, 'हे आपलं गुपित' म्हणतो, तिनं नको म्हटल्यावरही गुदगुल्या किंवा पापे थांबवत नाही, त्याला पुढची संधी देऊ नये, मग तो आईशी कितीही गोड असो. मुलीला ओळखीआधीच सांगून ठेवावं की मोठ्या माणसानं सांगितलेलं कुठलंही गुपित आईला सांगायचंच असतं, आणि अंगाला हात लावू नको म्हणायचा तिला हक्क आहे. साधा बुजरेपणा आणि भीती यांत फरक करता येतो. बुजरं मूल आईला चिकटतं आणि पंधरा-वीस मिनिटांत सैल होतं. घाबरलेलं मूल सैल होत नाही. त्या माणसाचं नाव निघालं की गप्प होतं, झोपेत दचकतं, अंथरूण ओलं करण्याची सुटलेली सवय परत येते. यातल्या काही गोष्टी नुसत्या बदलाच्या ताणानंही होतात, पण त्या दिसल्या की भेटी थांबवून आधी मुलीचं ऐकायचं. गरज वाटली तर १०९८ या बाल मदत क्रमांकावर कुठूनही बोलता येतं.

घराबाहेरचे लोक या संथपणाला फारसे सांभाळून घेत नाहीत. लिफ्टमध्ये शेजारीण मुलीसमोरच विचारते, "हे कोण गं?" आजी फोनवर म्हणते, "आता त्यांना बाबा म्हणायला शिकव." आईनं आधीच एक उत्तर ठरवून ठेवलेलं बरं, आणि ते सगळीकडे तेच असावं: "माझे मित्र, हिचे काका." 'बाबा म्हण' हा आग्रह मात्र कुणाचाही चालू देऊ नये. त्या शब्दावर एक माणूस आधीच बसलेला असतो. मूल स्वतः कधी म्हणालं तर ती गोष्ट वेगळी, आणि नाही म्हणालं तरी काही उणं राहत नाही. बाबाकडच्या आजी-आजोबांकडे जाणं या काळात कमी करू नये. नवा माणूस आला म्हणून जुनी माणसं गेली, असा अर्थ मुलीनं काढला तर त्या नव्या माणसाचं काम दुप्पट अवघड होतं.

सगळ्या काळजीनंतरही आई आणि मित्राचं न जमण्याची शक्यता असतेच. अशा वेळी मोठी माणसं फोन नंबर पुसतात आणि मुलीला काहीच सांगत नाहीत. शनिवारचे पाच वाजतात, ती दुकान मांडून बसते आणि कोणी येत नाही. त्याऐवजी एक शेवटची छोटी भेट व्हावी. "मी आणि आई आता भेटणार नाही. तुझ्यामुळे नाही, मोठ्यांचं जमलं नाही. तुझ्याबरोबर खेळायला मला खूप आवडायचं," एवढं त्यानं स्वतः सांगावं. 'तुझ्यामुळे नाही' हे शब्द गाळू नयेत, कारण दूध सांडल्याची ती जुनी साखळी पुन्हा जुळायला तयारच असते. माणसाशी भेट घडवणं आईच्या दृष्टीनं सुरक्षित नसेल, तर हेच शब्द तिनं सांगावेत.

जमलं तर वेळ किती लागतो? पेपरनाव यांच्या निरीक्षणात पटकन रुळणाऱ्या कुटुंबांनाही चारेक वर्षं लागली, आणि अनेकांना सातच्या आसपास. हे आकडे लग्नानंतरच्या काळाचे आहेत, अमेरिकेतल्या घरांवरून काढलेले आहेत. आपल्याकडे आजी-आजोबा, मामा, सोसायटी यांची साथ आणि दखल दोन्ही जास्त असल्यानं ते जसेच्या तसे लावू नयेत. पण वर्ष झालं तरी मुलगी अजून 'काका'च म्हणते, म्हणून हिरमुसणाऱ्या माणसाला त्यातून एक गोष्ट कळते, तो उशिरा चालत नाही आहे. लहान मुलं तुलनेनं लवकर रुळतात. तेरा-चौदाव्या वर्षी आलेल्या माणसाला वाट अधिक लांब पडते.

लग्न झालं तरी कायदा या नात्याला आपोआप अधिकार देत नाही, हे अनेकांना शाळेच्या किंवा पासपोर्टच्या खिडकीपाशी कळतं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक कोण हे सांगताना 'वडील' आणि 'आई' या शब्दांत सावत्र वडील आणि सावत्र आई येत नाहीत, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. कायद्यानं बाप व्हायचं तर मुलीला दत्तक घ्यावं लागतं. 'कारा' म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या नियमांत सावत्र पालकानं दत्तक घेण्याची वेगळी तरतूद आहे, पण जन्मदाता बाप हयात असेल तर त्याची संमती लागते, आणि दत्तक झाल्यावर त्याचं कायदेशीर नातं संपतं. बाबा महिन्यातून दोनदा प्रेमानं येत असेल, तर हा मार्ग बहुधा कोणी धरूही नये. बाप वारलेला असेल तेव्हा प्रश्न वेगळा असतो. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणात म्हटलं की एकमेव नैसर्गिक पालक उरलेल्या आईला मुलाचं आडनाव ठरवण्याचा हक्क आहे, आणि कागदपत्रांवर तिच्या दुसऱ्या पतीच्या नावापुढे 'सावत्र वडील' असं लिहायला लावणं जवळजवळ क्रूरपणाचं आहे.

तोपर्यंत रोजच्या कामांपुरता अधिकार आई लेखी देऊ शकते. शाळा आणि स्कूलबसवाले मुलाला न्यायला कोण येणार याची यादी घेतात. आपल्या उदाहरणातली मुलगी दुसरीत गेल्यावर आई तो फॉर्म भरायला बसते. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिते, दुसऱ्यात बाबाचं, तिसरीत आजीचं. मुलगी शेजारी बसून वाचत असते. "काकांचं पण लिही," ती म्हणते, "पाऊस असला की तेच येतात." चौथ्या ओळीत आई त्याचं नाव आणि फोन नंबर लिहिते, आणि नात्याच्या रकान्यात मुलीला विचारून 'काका'.